सुरक्षित पैसा: पोस्टात किती, फंडात किती?

31 मार्च 2021 च्या संध्याकाळी केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा एक आदेश निघाला. अल्पबचत योजनांचे व्याजदर दुसऱ्या दिवसापासून कमी होणार होते. पीपीएफचा दर 7.1 टक्क्यांवरून 6.4 वर, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेचा 7.4 वरून 6.5 वर आणि पोस्टातल्या साध्या बचत खात्याचा 4 वरून साडेतीनवर येणार होता. रात्रभर घराघरांत हिशेब झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, की हा आदेश नजरचुकीने निघाला होता, तो मागे घेण्यात येत आहे. दर होते तिथेच राहिले.

पीपीएफ म्हणजे पंधरा वर्षांसाठी ठरवून दिलेलं व्याज, अशी समजूत असलेल्यांना त्या रात्रीने मोठा धडा दिला. पीपीएफचा दर खातं उघडताना बांधला जात नाही. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करतं आणि नवा दर नव्या भरण्याइतकाच जुन्या शिलकीलाही लागू होतो. 1986 पासून जवळजवळ चौदा वर्षं हा दर 12 टक्के होता. 2000 च्या जानेवारीत तो 11 झाला आणि 2003 पर्यंत 8 वर आला. एप्रिल 2020 मध्ये तो 7.1 झाला आणि 2025 संपेपर्यंत तरी तिथेच होता. पोस्टाच्या बचत प्रमाणपत्राचं, म्हणजे एनएससीचं, मात्र वेगळं आहे. ते ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का राहतो. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेतही तसंच. एकाच खिडकीवर मिळणाऱ्या या योजनांमधला हा फरक बऱ्याच पासबुकधारकांना माहीत नसतो.

दर ठरवण्याचं सूत्र कागदावर आहे. श्यामला गोपीनाथ समितीने 2011 मध्ये सुचवलं, की बाजारात तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांवर जो परतावा मिळतो तो धरावा आणि त्यावर थोडी भर घालावी. पीपीएफसाठी ही भर पाव टक्क्याची. 2016 पासून दर तिमाहीला फेरविचार होतो, पण सूत्राचं उत्तर सरकार दर वेळी स्वीकारतंच असं नाही. 2020-21 मध्ये रोख्यांवरचा परतावा 6 टक्क्यांच्या आसपास उतरला तेव्हा सूत्रानुसार पीपीएफचा दर कमी व्हायला हवा होता, तो झाला नाही. 2022 मध्ये परतावा साडेसातच्या घरात गेला तेव्हा दर वाढायला हवा होता, तोही वाढला नाही. म्हणजे पीपीएफमागे दहा वर्षांचा सरकारी रोखाच आहे, फक्त त्याचे चढउतार सरकार खातेदारापर्यंत पोहोचू देत नाही.

डेट फंडातही बऱ्याचदा तेच रोखे असतात, फक्त तिथे चढउतार थेट युनिटच्या किमतीत दिसतात. समजा सरकारने 100 रुपयांचा रोखा 7 टक्के व्याजाने काढला. वर्षभराने बाजारात नवे रोखे 8 टक्क्यांनी मिळू लागले, तर जुना 7 टक्क्यांचा रोखा कुणीही 100 रुपयांना घेणार नाही, त्याची किंमत उतरते. किती उतरेल हे रोख्याची मुदत किती उरली आहे यावर ठरतं. दहा वर्षं मुदतीचे सरकारी रोखे धरणाऱ्या गिल्ट फंडात दर एका टक्क्याने वाढले, की युनिटची किंमत ढोबळमानाने सात टक्के खाली येते. दर घटले, तर साधारण तितकीच वर जाते. 91 दिवसांच्या आतले रोखे धरणाऱ्या लिक्विड फंडात हाच बदल जेमतेम जाणवतो.

दोन्हीकडे मूळ कर्जदार सरकार असू शकतं, मग निवड कशावर करायची? 2023 पर्यंत या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी कराने दिलं होतं. डेट फंडाचे युनिट तीन वर्षं धरले, की नफ्यातून महागाईचा वाटा वजा व्हायचा आणि उरलेल्या रकमेवर 20 टक्के कर लागायचा. यालाच इंडेक्सेशन म्हणायचे. महागाई जास्त असलेल्या वर्षांत कर नगण्य उरायचा. वरच्या कर टप्प्यातल्या माणसाला म्हणूनच सल्लागार बिनदिक्कत डेट फंड सुचवत. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिटांसाठी ही सवलत संपली. आता फंड कितीही वर्षं धरला, तरी नफा त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि माणसाच्या कर टप्प्यानुसार कर लागतो. पीपीएफचं व्याज मात्र जुन्या करप्रणालीत करमुक्त होतं, तसंच नव्यातही आहे. नव्या प्रणालीत फक्त भरण्यावरची 80सी ची वजावट मिळत नाही. ‘आता 80सी नाही, मग पीपीएफ कशाला’ असं म्हणून खातं ओस टाकणारे लोक भेटतात. वजावट एकदाच मिळते, व्याजावरची करमाफी दरवर्षी मिळते, आणि लांबच्या मुदतीत दुसरीचं वजन कितीतरी जास्त असतं.

ते किती, हे आकड्यांत पाहायला हवं. एक लाख रुपये पंधरा वर्षं ठेवले आणि पीपीएफचा दर सगळी वर्षं 7.1 टक्केच राहिला असं धरलं, तर सुमारे 2 लाख 80 हजार होतात आणि ते सगळे खातेदाराचे. तेच लाख रुपये डेट फंडात ठेवले आणि फंडाने खर्च वजा जाता 7 टक्के दिले, तर पंधरा वर्षांनी 2 लाख 76 हजार दिसतील. पैसे काढताना माणूस 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह कर जाऊन हातात सुमारे 2 लाख 21 हजार पडतील. वार्षिक परतावा सुमारे 5.4 टक्के झाला. पीपीएफची बरोबरी करायला फंडाला दरवर्षी जवळजवळ 9 टक्के द्यावे लागतील. चांगल्या प्रतीच्या रोख्यांतून आजच्या दरांत 9 टक्के निघत नाहीत. कुणी ते निघतात असं दाखवत असेल, तर त्या फंडात काय भरलं आहे ते आधी पाहावं.

फंडाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बँकेच्या मुदत ठेवीवर व्याज मिळो न मिळो, दरवर्षी कर भरावा लागतो. फंडात तो पैसे काढेपर्यंत पुढे ढकलला जातो. म्हणून त्याच 7 टक्क्यांवर, त्याच कर टप्प्यात बँकेची ठेव पंधरा वर्षांत 2 लाखांच्या जरा पुढे जाते, तर फंड 2 लाख 21 हजारांपर्यंत. शिवाय पैसे निवृत्तीनंतर काढले आणि तेव्हा कर टप्पा खालचा असला, तर फरक आणखी वाढतो. म्हणजे डेट फंड पीपीएफशी स्पर्धेत हरतो, पण बँकेच्या ठेवीशी जिंकतो. वर्षाला दीड लाखाची मर्यादा भरून झाल्यावर उरलेल्या पैशासाठी हा मुद्दा मोलाचा आहे.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग पीपीएफ पूर्ण भरावा आणि विषय संपवावा. तरुण माणसाच्या बाबतीत ते जवळजवळ बरोबर आहे. पण पैसा वाढत गेला, की एक अडचण उभी राहते. ती परताव्याच्या तक्त्यात दिसत नाही.

नाशिकमधलं एक काल्पनिक जोडपं घेऊ. दोघंही पंचेचाळीस वर्षांचे. तो खासगी कंपनीत, 30 टक्क्यांच्या टप्प्यात, ती शिक्षिका, 20 टक्क्यांच्या टप्प्यात. निवृत्तीसाठी त्यांनी आजवर 50 लाख जमवले आहेत. 30 लाख शेअर बाजाराच्या फंडांत आणि 20 लाख सुरक्षित, असा 60-40 चा वाटा त्यांनी ठरवून ठेवला आहे. सुरक्षित 20 लाख सगळे पीपीएफमध्ये आहेत. त्याच्या 2012 मध्ये उघडलेल्या खात्यात 14 लाख आणि तिच्या 2022 मध्ये उघडलेल्या खात्यात 6 लाख.

आता 2020 च्या मार्चसारखी पडझड झाली असं समजू. त्या वेळी निफ्टी जानेवारीतल्या सुमारे 12,360 वरून 23 मार्चला सुमारे 7,610 वर आला होता, म्हणजे 38 टक्के घसरण. या जोडप्याचे 30 लाख 18 लाख 60 हजारांवर येतील. एकूण रक्कम 38 लाख 60 हजार. तिचे 60 टक्के पुन्हा शेअर बाजारात असावेत असं त्यांचं धोरण आहे. ते पाळायचं, तर सुरक्षित भागातून सुमारे साडेचार लाख रुपये तिकडे हलवावे लागतील. ठरलेला वाटा पडझडीत सावरणं म्हणजे हेच. बाजार उतरलेला असताना विकत घ्यायचं आणि चढलेला असताना विकायचं, हे भावनेवर न सोडता आधी ठरवून केलेलं काम.

पीपीएफमधून हे साडेचार लाख निघतात का? तिच्या खात्यातून नाही. खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय रक्कम काढता येत नाही. त्याच्या खात्यातून काढता येते, पण वर्षातून एकदा आणि ठरलेल्या मर्यादेत. चार वर्षांपूर्वीची वर्षअखेरची शिल्लक आणि मागच्या वर्षअखेरची शिल्लक, यांतल्या कमी रकमेच्या निम्मी. चार वर्षांपूर्वी त्याच्या खात्यात 8 लाख होते असं धरलं, तर 4 लाख मिळतील. गरज जवळजवळ भागते. पण एकदा बाहेर काढलेले ते 4 लाख परत आत टाकता येत नाहीत, कारण वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे आणि ती त्यांच्या नेहमीच्या भरण्यातच संपते. करमुक्त व्याजाची ती जागा कायमची गेली. बाजार सावरला, शेअरचा वाटा 60 च्या वर गेला आणि पैसे परत सुरक्षित बाजूला आणायचे म्हटले, तरी पीपीएफचं दार अरुंदच राहतं.

इथे डेट फंडाचं खरं काम सुरू होतं. 20 लाखांपैकी 5 लाख, म्हणजे सुरक्षित भागाचा एक चतुर्थांश, चांगल्या प्रतीच्या डेट फंडात असता, तर हे साडेचार लाख दोन-तीन कामाच्या दिवसांत हलवता आले असते आणि पीपीएफला हातही लागला नसता. हा चतुर्थांश हवेतून काढलेला नाही. 60-40 चा वाटा आणि 38 टक्क्यांची घसरण एवढंच घेतलं, तर हिशेब कुणाचाही इथेच येतो. ज्यांचा वाटा वेगळा असेल त्यांनी स्वतःचा शेअरचा भाग 40 टक्क्यांनी कमी करून पाहावा, नव्या बेरजेवर ठरलेला वाटा काढावा आणि फरक मोजावा. तेवढी रक्कम हलती असावी.

या सोयीला किंमत आहे, आणि तीही मोजली पाहिजे. फंडाचा करोत्तर परतावा 5.4 टक्के आणि पीपीएफचा 7.1. 5 लाखांवर वर्षाला साधारण साडेआठ हजार रुपये. युनिट तिच्या नावावर, तिच्याच पगारातून घेतले, तर 20 टक्क्यांच्या टप्प्यामुळे ही किंमत साडेपाच हजारांवर येते. तिच्याच पगारातून हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याने तिला पैसे देऊन तिच्या नावावर गुंतवले, तर नफा कायद्याने त्याच्याच उत्पन्नात धरला जातो.

साडेआठ हजार देऊन मिळतं काय? तळ कुणाला पकडता येत नाही. पण निफ्टी 9,000 च्या आसपास असताना, म्हणजे घसरण 27 टक्के झालेली असताना, जोडप्याने सुमारे सव्वातीन लाख हलवले असते, तर नोव्हेंबर 2020 मध्ये निफ्टी जानेवारीच्या पातळीवर परतला तेव्हा त्या रकमेवर सव्वा लाखाच्या जवळपास नफा झाला असता. चौदा-पंधरा वर्षांची किंमत वसूल. 2020 सारखी झटपट उसळी दर वेळी येत नाही, आणि इतकी खोल घसरण दर दशकात येईलच असंही नाही. त्यामुळे डेट फंड जास्त कमावून देतो हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ठरवलेला वाटा ऐन वेळी पाळता येतो, आणि घरात आजारपण किंवा नोकरी गेल्याची वेळ आली तर त्या पडलेल्या बाजारात शेअर विकावे लागत नाहीत, हे त्याचं खरं मोल आहे.

तरुणाला मात्र ही किंमत मोजायची गरज नसते. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीकडे मिळून 6 लाख असतील आणि ती वर्षाला 3 लाख बाजूला टाकत असेल, तर पडझडीच्या वर्षी पीपीएफमध्ये किमान 500 रुपये भरून बाकी सगळी नवी बचत शेअर फंडाकडे वळवली, की वाटा आपोआप सावरतो. जमा रक्कम मोठी आणि वार्षिक बचत त्या मानाने लहान झाली, की ही युक्ती पुरत नाही. साधारण चाळिशीच्या पुढे तो टप्पा येतो.

आता कोणता डेट फंड, हा प्रश्न. इथे चूक झाली, तर सुरक्षित भागच बुडतो, म्हणून 23 एप्रिल 2020 ची आठवण ठेवायला हवी. त्या दिवशी फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या सहा डेट योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यांत मिळून 25 हजार कोटींहून अधिक रक्कम होती आणि तीन लाखांवर गुंतवणूकदार. पैसे काढण्याची सोय त्या क्षणी थांबली. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 2021 पासून हप्त्याहप्त्याने पैसे परत मिळू लागले आणि शेवटी वाटलेली एकूण रक्कम गुंडाळण्याच्या दिवशीच्या मूल्याहून जास्त भरली. तरीही ज्याला मे 2020 मध्ये मुलीची फी भरायची होती किंवा पडलेल्या बाजारात वाटा सावरायचा होता, त्याच्यासाठी तो पैसा त्या वेळी नव्हताच.

त्या सहांपैकी एका योजनेच्या नावात ‘अल्ट्रा शॉर्ट’ हे शब्द होते. नावावरून ती अगदी सुरक्षित वाटावी अशी. पण नावातलं ‘शॉर्ट’ मुदतीबद्दल बोलतं. कर्ज कुणाला दिलं आहे, त्याबद्दल काही सांगत नाही. डेट फंडात दोन वेगळ्या जोखमी असतात. दर वाढल्याने किंमत उतरणं ही एक, आणि कर्जदार कंपनीने पैसे न देणं ही दुसरी. पहिली वेळाने भरून निघते. दुसरीत मुद्दलच जातं, जसं 2018 च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएसने पैसे चुकवले तेव्हा अनेक फंडांत झालं. सुरक्षित भागासाठी पहिली थोडीफार चालेल, दुसरी नको.

हे ओळखायला सेबीने डिसेंबर 2021 पासून एक सोपी खूण दिली आहे. प्रत्येक डेट फंडाच्या माहितीपत्रकावर नऊ घरांचा एक चौकोन असतो. त्यात A, B, C हे अक्षर कर्ज बुडण्याची जोखीम दाखवतं, A सर्वांत कमी. I, II, III हा आकडा व्याजदराची जोखीम दाखवतो, I सर्वांत कमी. पडझडीच्या वेळी हलवायच्या रकमेसाठी A-I किंवा A-II याच घरातला फंड घ्यावा. गिल्ट फंड A-III मध्ये बसतात. कर्ज बुडण्याची भीती जवळजवळ नाही, पण दर वाढले तर किंमत वर्ष-दोन वर्षं रेंगाळते. 2021 ते 2022 च्या मध्यापर्यंत दर चढत असताना गिल्ट फंडधारकांनी हे अनुभवलं आहे. ज्याला दहा वर्षं त्या पैशाची गरज नाही, त्याला ते चालतं.

चौकोन पाहून झाल्यावर फंडाची रोख्यांची यादी उघडावी. ती दर पंधरवड्याला जाहीर होते. सरकारी रोखे, ट्रेझरी बिलं आणि ‘एएए’ दर्जाचे रोखे यांनी यादी भरलेली असावी. एकाच गटातल्या कंपन्यांची नावं पुन्हा पुन्हा दिसली, तर थांबावं. आणि यादीच्या वर ‘वायटीएम’ नावाचा एक आकडा असतो, म्हणजे सगळे रोखे मुदतीपर्यंत धरले तर खर्चाआधी मिळू शकणारा परतावा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या फंडांपेक्षा तो टक्का-दीड टक्क्याने जास्त असेल, तर फंड व्यवस्थापकाने कुठेतरी दुबळ्या कर्जदाराला पैसे दिले आहेत, असं धरून चालावं. एजंटाच्या तोंडून नेमका हाच आकडा कौतुकाने ऐकू येतो. फंड डायरेक्ट प्लॅनमधून घ्यावा. शेअर फंडात अर्धा टक्का खर्च खपून जातो, पण जिथे करानंतर मिळतात पाच-साडेपाच टक्के, तिथे अर्धा टक्का म्हणजे दहावा हिस्सा.

पीपीएफच्या बाजूला लक्ष ठेवण्यासारखं कमी आहे, पण जे आहे ते नेमकं आहे. व्याज महिन्याच्या 5 तारखेच्या संध्याकाळपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजलं जातं. वर्षाचे दीड लाख एकदम भरायचे असतील, तर 5 एप्रिलच्या आत खात्यात पोहोचायला हवेत. धनादेशाने भरले, तर तो वटण्याच्या तारखेचा प्रश्न येतो. मार्चच्या शेवटी कर वाचवण्यासाठी धावपळ करणारे दरवर्षी जवळजवळ वर्षभराचं व्याज सोडून देतात. लहान मुलाच्या नावाने खातं उघडलं, तर आईवडिलांपैकी ज्याने ते उघडलं त्याच्या दीड लाखाच्या मर्यादेतच ते धरलं जातं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर तिच्यासाठी सुकन्या समृद्धी खात्याला वेगळी दीड लाखाची मर्यादा आहे आणि 2024 च्या जानेवारीपासून त्यावर 8.2 टक्के करमुक्त व्याज मिळत आलं आहे. मुलीच्या शिक्षणासाठी याहून चांगला सुरक्षित पर्याय आज तरी कुठल्या डेट फंडात नाही.

नाशिकच्या जोडप्याकडे परत येऊ, कारण त्यांच्या हिशेबात अजून एक वळण आहे. त्याचं खातं 2012-13 मध्ये उघडलेलं. पंधरा वर्षं मोजली जातात ती खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून, म्हणजे 31 मार्च 2028 ला मुदत पूर्ण होईल. तिथे तीन वाटा आहेत. सगळे पैसे काढून खातं बंद करणं ही एक. पाच वर्षांसाठी वाढवून भरणा चालू ठेवणं ही दुसरी. त्यासाठी मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. मग त्या पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिलकीच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम, वर्षातून एकदा या हिशेबाने, काढता येते. काहीच न करता खातं तसंच ठेवणं ही तिसरी. भरणा बंद होतो, पण व्याज करमुक्त चालूच राहतं आणि वर्षातून एकदा हवी तितकी रक्कम, अगदी सगळीही, काढता येते.

ही तिसरी वाट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. मुदत संपलेलं पीपीएफ खातं म्हणजे करमुक्त व्याज देणारी आणि हव्या त्या वर्षी हात घालता येणारी रक्कम. डेट फंडाचं पाऊण काम ते करतं आणि त्याची साडेआठ हजारांची किंमत पडत नाही. मर्यादा एकच, वर्षातून एकदा. मार्चमध्ये काढले असतील, तर पुढची संधी एप्रिलनंतर. आणि एक सापळा आहे. अर्ज न देता वर्ष उलटलं, की खातं भरण्याशिवाय पुढे गेलं असं धरलं जातं आणि परत भरणा चालू करता येत नाही. अर्जाशिवाय भरलेल्या रकमेवर व्याजही मिळत नाही. खातं जुनं आहे म्हणून बँकेतून आपोआप दीड लाख जात राहिलेले आणि काही वर्षांनी व्याज नाकारलं गेलेलं, असं घडू शकतं.

म्हणून या जोडप्यासाठी हिशेब असा जुळतो. 2028 पर्यंत सुरक्षित भागातले सुमारे 5 लाख, शक्यतो तिच्या नावावर आणि तिच्या कमाईतून, A-I घरातल्या फंडात जमवावेत. पीपीएफमधून काढून नाही, तर पुढच्या दोन-तीन वर्षांची सुरक्षित बाजूची नवी बचत तिकडे वळवून. 2028 मध्ये त्याच्या खात्याला हात लागू शकेल, तेव्हा त्याने अर्ज न देता भरणा थांबवावा की साठीपर्यंत दीड लाख भरत राहावं, हे तेव्हाच्या डेट फंडातल्या रकमेवर ठरेल. फंडात 5 लाख तयार असतील, तर भरणा चालू ठेवणं चांगलं, कारण 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला करमुक्त जागा परत मिळत नाही. तिचं खातं तर 2038 पर्यंत पुढेच जायचं आहे.

साठीनंतर चित्र पुन्हा बदलतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 2025 मध्ये तिचा दर 8.2 टक्के होता, ठेवताना असलेला दर पाच वर्षं पक्का राहतो आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. हे व्याज करपात्र आहे, पण पगार थांबलेल्या माणसाचा टप्पा बहुधा खाली आलेला असतो. त्याच कारणाने डेट फंडाचे युनिट विकायलाही साठीनंतरची वर्षं सोयीची. पंधरा वर्षं पुढे ढकललेला कर तेव्हा 30 ऐवजी 5 किंवा 10 टक्क्यांनी भरला जातो. म्हणून पडझडीत वापरले न गेलेले युनिट त्याने आणि तिने नोकरीच्या शेवटच्या वर्षी मोडू नयेत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आर्थिक वर्षापर्यंत थांबावं, आणि तेही दोन-तीन वर्षांत वाटून विकावेत, म्हणजे एका वर्षात नफ्याचा ढीग उत्पन्नात मिळून टप्पा वर जाणार नाही.